हजार पानं उठली, आहेर दोनच

*ताई, मी कराडचा, वय २४. गिटार घेऊन स्वतःची मराठी गाणी गातो. चार आठवड्यांपूर्वी शुक्रवारी माझं दुसरं गाणं स्पॉटिफाय आणि यूट्यूबवर आलं. इन्स्टाग्रामवर भेटलेल्या एका प्रमोशनवाल्याला साडेतीन हजार रुपये देऊन ते एका मोठ्या प्लेलिस्टमध्ये लावून घेतलं. आज २८ दिवसांनी मंथली लिसनर्स ८,९०० दिसतात, पण दोन आठवडे आकडा हलायला तयार नाही. गाण्याचे स्ट्रीम ९,८४०, श्रोते ८,६१५, सेव्ह मात्र ७४. शहरांत पहिलं फ्रँकफर्ट! मग पुणे, मुंबई. कराड यादीतच नाही. गावात कार्यक्रम केला तर ३५ माणसं आली, त्यातली दहा घरची. मित्र म्हणतो स्किप रेट बघ, तो मला कुठेच सापडत नाही. स्क्रीनशॉट जोडलेत. गाणं पडलं असं समजू का?*
*गिटारवाला, कराड*

तुझे स्क्रीनशॉट रात्री मोबाईलवर उघडले आणि सवयीप्रमाणे सगळ्यात वरचा मोठा आकडा अंगठ्याने झाकला. तो आकडा डोळ्यांसमोर असला की खालचं काही धड वाचून होत नाही. तू महिनाभर त्याच्याकडेच बघत बसलास, म्हणून तुला गाणं पडल्यासारखं वाटतंय. गाणं पडलेलं नाही. पण ८,९०० हे तुझे श्रोतेही नाहीत. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, ते तुझेच आकडे घेऊन बघू.

स्पॉटिफायच्या कलाकारांसाठीच्या डॅशबोर्डवर गाण्याच्या पानावर खाली, स्ट्रीम कुठून आले हे सांगणारा भाग असतो. बहुतेक जण तिथपर्यंत स्क्रोलच करत नाहीत. तू केलंस, स्क्रीनशॉटही काढलास, फक्त वाचला नाहीस. तुझे ९,८४० स्ट्रीम तिथे असे फुटलेत: इतर लोकांच्या प्लेलिस्टमधून ७,९००, श्रोत्यांच्या स्वतःच्या लायब्ररीतून आणि प्लेलिस्टमधून ८६०, तुझ्या प्रोफाइलवरून ५२०, स्पॉटिफायने आपणहून वाजवलेले, म्हणजे रेडिओ, ऑटोप्ले, रिलीज रडार वगैरे मिळून ४१०, आणि किरकोळ १५०. आता प्लेलिस्टचं पान बघ. त्या ७,९०० पैकी ७,६४० एकाच प्लेलिस्टमधून आलेत, आणि तिच्यासमोर श्रोते लिहिलेत ७,५९०. म्हणजे साडेसात हजार माणसांनी गाणं एकेकदा ऐकलं आणि जवळजवळ कुणीही दुसऱ्यांदा ऐकलं नाही. साडेतीन हजार रुपयांत तू जे विकत घेतलंस ते हेच.

हे गाठोडं बाजूला काढून ठेव आणि उरलेलं मोज. श्रोते ८,६१५ वजा ७,५९०, उरले साधारण १,०२५. काही जण दोन्हीकडे मोजले गेले असतील, म्हणून 'साधारण'. स्ट्रीम ९,८४० वजा ७,६४०, उरले २,२००. म्हणजे खऱ्या माणसांनी गाणं माणशी दोनदा किंवा किंचित जास्त ऐकलंय. वरच्या एकत्र आकड्यात हेच प्रमाण १.१४ दिसत होतं, आणि १.१४ बघून कुणीही म्हणेल की एकदा ऐकून लोक निघून गेले. एका प्लेलिस्टने तुझे खरे श्रोते असे झाकून टाकले होते.

ती प्लेलिस्ट खोटी आहे असं मी कशावरून म्हणते, तेही सांगते, कारण एकेकदा ऐकून निघून जाणं एवढ्यावरून कुणी चोर ठरत नाही. झोपताना लावायच्या किंवा कॅफेत दिवसभर वाजणाऱ्या प्लेलिस्टमध्येही श्रोता माणशी एकदाच ऐकतो आणि सेव्ह करायला फोनकडे वळत नाही. पण अशा प्लेलिस्टमध्ये गाणं लागलं की रोजचा आलेख हळूहळू चढतो, शनिवार-रविवारी हलतो, गाणं यादीत खाली सरकलं की ओसरतो, आणि शहरं पांगलेली असतात. तुझा आलेख बघ. सहाव्या दिवशी भिंतीसारखा सरळ उभा चढलाय, नऊ दिवस वर पत्रा मारल्यासारखा सपाट, आणि चौदाव्या दिवसानंतर पुन्हा भिंतीसारखा खाली. माणसं अशी वागत नाहीत, ठेका घेतलेलं यंत्र असं वागतं. आठव्या दिवशी १,०५० स्ट्रीम आणि सेव्ह दोन. लग्नात हजार पानं उठली आणि आहेर दोनच, असा तो हिशोब.

त्यात फ्रँकफर्ट. जर्मनीत मराठी माणसं आहेत, गणपतीही बसतो. पण कराडच्या नवख्या मुलाचं गाणं नऊ दिवसांत तिथे पुण्याच्या कितीतरी पट ऐकलं जातं आणि त्याच वेळी दुबई, लंडन, न्यू जर्सीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके श्रोते, हे जमत नाही. जिथे मराठी वस्ती दाट, तिथे आधी काहीतरी दिसायला हवं. फ्रँकफर्ट हे युरोपातलं इंटरनेटचं मोठं जंक्शन आहे, डेटा सेंटर्सचं गाव. तिथल्या सर्व्हरवरून चालवलेली खाती तिथलीच दिसतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातलं ॲशबर्न हे असंच दुसरं नाव, ते कधी यादीत वर दिसलं तरी कान टवकार.

यात फसवणूक साडेतीन हजारांवर थांबत नाही. असे स्ट्रीम पकडले की स्पॉटिफाय ते काढून टाकतं आणि त्यांचे पैसे देत नाही. २०२४ पासून तर ज्या गाण्यावर उघडउघड खोटे स्ट्रीम आढळतात, त्यासाठी गाण्यामागे दंड लावतात. तो दंड तुझ्या डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे तुझं गाणं स्पॉटिफायवर पोचवणाऱ्या कंपनीकडे जातो, आणि डिस्ट्रिब्युटर तो तुझ्याकडे वळवतो किंवा गाणंच खाली उतरवतो. 'मला माहीत नव्हतं' हे तिथे फारसं चालत नाही. म्हणून आजच डिस्ट्रिब्युटरला आपणहून मेल टाक: अमुक प्लेलिस्टमधून अमुक तारखांना संशयास्पद स्ट्रीम आले, मी पुढे काही घेणार नाही, माझ्याकडे स्क्रीनशॉट आहेत. स्पॉटिफायकडे अशा प्लेलिस्टची तक्रार करायचा फॉर्म असतो, तोही भर. त्या माणसाला मात्र पैसे परत मागायच्या भानगडीत पडू नकोस. या धंद्यात चिडलेला माणूस सूड म्हणून तुझ्या गाण्यावर आणखी हजारो खोटे स्ट्रीम सोडू शकतो, आणि ते तुला नको असतानाही तुझ्याच खात्यावर दिसतील.

एक बरं आहे. २०२४ पासूनच स्पॉटिफायचा दुसरा नियम आहे: मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याला रेकॉर्डिंगचे पैसे सुरूच होत नाहीत. खोटे सगळे काढून टाकले तरी तुझे २,२०० उरतात. ती रेषा तू स्वतःच्या पायावर ओलांडली आहेस.

आता तो अडकलेला आकडा. मंथली लिसनर्स म्हणजे मागच्या २८ दिवसांत तुझं कुठलंही गाणं ऐकलेली वेगवेगळी माणसं. रोज एक नवा दिवस आत येतो आणि एकोणतिसावा दिवस मागच्या दाराने बाहेर पडतो. एकाच माणसाने चाळीस वेळा ऐकलं तरी तो एकच मोजला जातो. तुझी प्लेलिस्टची गर्दी सहाव्या ते चौदाव्या दिवसात आली. ती अजून या खिडकीच्या आत आहे, म्हणून आकडा वर टांगलेला आहे. नवं मोठं काही आलं नाही, म्हणून तो वाढतही नाही. गाणं येऊन ३४ दिवस झाले की सहावा दिवस बाहेर पडेल आणि आकडा पायरी-पायरीने उतरायला लागेल. ४२ दिवस होईपर्यंत नऊच्या नऊ दिवस निघून गेलेले असतील आणि तू हजार-बाराशेच्या आसपास येशील. हे उत्तर तू वाचशील तेव्हा ती उतरण सुरूही झालेली असेल. त्या नऊ दिवसांत काहीही करू नकोस, विशेषतः आकडा सावरायला म्हणून पुन्हा कुणाला पैसे देऊ नकोस. लोक दुसऱ्यांदा फसतात ते नेमके याच आठवड्यात.

या खिडकीत मीही एकदा तोंडावर पडले आहे. एका गायिकेचे सात दिवसांचे श्रोते ९०० दिसले. मी चाराने गुणून आयोजकाला सांगितलं, महिन्याला साडेतीन हजार लोक ऐकतात. प्रत्यक्षात २८ दिवसांचा आकडा १,४०० निघाला. तीच माणसं दर आठवड्याला परत येत होती. खरं तर ही फार चांगली बातमी होती, पण मी सांगितलेल्या आकड्यापुढे ती खोटी पडली, आणि आयोजकाने पुढचं काही ऐकूनच घेतलं नाही. स्ट्रीम बेरजेत चालतात. श्रोते बेरजेत चालत नाहीत, कारण तोच माणूस प्रत्येक आठवड्यात नव्याने मोजला जातो.

सेव्हकडे येऊ. ७४ भागिले ८,६१५ म्हणजे शंभरात एकही नाही, म्हणून तुझं तोंड उतरलं. ७४ भागिले १,०२५ कर. शंभरात सात. 'सात चांगले की वाईट' हे तू विचारणारच. कुणी तुला 'दहाच्या वर पाहिजे' किंवा 'पाच म्हणजे हिट' असं सांगितलं तर तो स्वतःच्या पोतडीतलं सांगतोय, स्पॉटिफायने असा कुठला उंबरठा जाहीर केलेला नाही. आणि तो सगळ्यांना एकच असूही शकत नाही. ज्याचे श्रोते शोधून प्रोफाइलवर येतात त्याचं प्रमाण जास्तच निघणार, ज्याचं गाणं रेडिओत वाजतं त्याचं कमी. तुलना करायची ती स्वतःच्याच मागच्या गाण्याशी, आणि तीही रिलीजनंतरच्या तेवढ्याच दिवसांची. तुझ्या पहिल्या गाण्याला २८ दिवसांत ३८० श्रोते आणि १९ सेव्ह होते, म्हणजे शंभरात पाच. यावेळी अडीचपटीहून जास्त माणसांपर्यंत जाऊनही प्रमाण सातावर गेलंय. श्रोते वाढले की हे प्रमाण सहसा पातळ होतं, कारण पहिले तीनशे जण ओळखीचे असतात. तुझं घट्ट झालंय.

सेव्हच्या शेजारी 'प्लेलिस्ट ॲड्स' नावाचा आकडा आहे, ४१. लोकांनी गाणं स्वतःच्या एखाद्या प्लेलिस्टमध्ये टाकलं, त्याचा हा आकडा. २०२३ मध्ये स्पॉटिफायने ॲपमधलं हृदयाचं चिन्ह काढून त्या जागी अधिकचं चिन्ह आणलं. पहिल्यांदा दाबलं की गाणं लाइक्ड साँग्जमध्ये जातं, पुन्हा दाबलं की कुठल्या प्लेलिस्टमध्ये टाकायचं ते विचारतं. म्हणजे ज्याने प्लेलिस्ट निवडायचे कष्ट घेतले तो एक पाऊल पुढचा माणूस. काही जण दोन्हीकडे मोजले गेले असतील. तरी समज, ७४ आणि ४१ मिळून फार तर ११५ माणसांनी गाणं जवळ ठेवलं. आता मघाचा ८६० आठवतो? श्रोत्यांच्या स्वतःच्या लायब्ररीतून आणि प्लेलिस्टमधून आलेले स्ट्रीम. ८६० भागिले ११५, म्हणजे ज्यांनी गाणं ठेवलं त्यांनी २८ दिवसांत माणशी सात-साडेसात वेळा ऐकलं. तुझ्या सगळ्या स्क्रीनशॉटमध्ये मला हा आकडा सर्वात महत्त्वाचा वाटला, आणि तो डॅशबोर्डवर तयार कुठेच लिहिलेला नाही, भागाकार आपणच करावा लागतो. यात पहिल्या आठवड्यातली आई, मावशी आणि तू स्वतः आहातच. म्हणून पुढच्या २८ दिवसांत हाच भागाकार पुन्हा कर. तेव्हाही तीन-चार वेळा निघाला तर ती मावशी नव्हे.

स्किप रेट, म्हणजे गाणं मधेच बदललं जाण्याचं प्रमाण, सापडत नाही, कारण स्पॉटिफाय तो कलाकाराला दाखवतच नाही. कंपनीकडे तो असतो, तुझ्या पानावर नसतो. 'तुमचा स्किप रेट कमी करून देतो' म्हणणारा माणूस भेटला तर त्याला इतकंच विचार, कुठल्या पानावर बघू? आणि जे दिसतं त्यातून स्किप ओळखताही येत नाही. याचं कारण नीट समजून घे. किमान ३० सेकंद ऐकलं तरच स्ट्रीम मोजला जातो. जो माणूस बाराव्या सेकंदाला पुढे गेला तो स्ट्रीममध्ये नाही. तो तुझ्या दारावरून गेला आणि स्ट्रीमच्या आकड्यात त्याची नोंदच झाली नाही. स्ट्रीममध्ये दिसतात ते सगळे तिसाव्या सेकंदापर्यंत टिकलेले. किती जण दारापर्यंत येऊन गेले हा आकडाच नसताना गेलेल्यांचं प्रमाण काढणार कसं?

असं किती जण जात असतील याचा साधारण अंदाज असावा म्हणून एक जुनी मोजणी सांगते. पॉल लॅमेर हा संगीताच्या डेटावर काम करणारा माणूस. त्याने २०१४ मध्ये स्पॉटिफायवरच्या असंख्य स्किप तपासून लिहिलं होतं की पहिल्या पाच सेकंदांत जवळजवळ चौथाई वेळा गाणं बदललं जातं, ३० सेकंदांच्या आत साधारण ३५ टक्के वेळा, आणि शेवटापर्यंत न पोचता जवळपास निम्म्या वेळा. त्यात जगातली गाजलेली गाणीही आली. मोजणी जुनी आहे, तुझ्या गाण्याला लावू नकोस. पण कुणी आपलं गाणं अर्ध्यात बदललं म्हणून जेवण टाकायचं कारण नाही, एवढं त्यातून कळतं.

तरीही लोक कुठे सुटतात हे तुला बघता येतं, यूट्यूबवर. यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओच्या ॲनालिटिक्समध्ये रिटेन्शनचा आलेख असतो. कितव्या सेकंदाला किती टक्के लोक अजून बघतायत, ते त्यात दिसतं. तुझा आलेख मी मोठा करून बघितला. गाणं ४ मिनिटं १० सेकंदांचं. तिसाव्या सेकंदाला ४८ टक्के उरलेत, अडतिसाव्याला ४१. त्यानंतर रेषा जवळजवळ आडवी, अगदी शेवटी २९. मोठी पडझड पहिल्या अडतीस सेकंदांतच आहे. मग मी गाणं लावलं. अडतीस सेकंद नुसती गिटार वाजते, आणि पहिला शब्द येतो तो बरोबर अडतिसाव्या सेकंदाला.

आता २९ भागिले ४१ कर. ज्यांनी तुझा पहिला शब्द ऐकला त्यांच्यातले शंभरातले सत्तर शेवटपर्यंत राहिलेत. मुखडा पहिल्यांदा येतो तिथे, १ मिनिट ५ सेकंदांच्या जवळ, रेषा किंचित वरही गेलीये. रिटेन्शनची रेषा वर जाते ती लोकांनी तेवढाच भाग मागे नेऊन पुन्हा ऐकला किंवा थेट तिथे उडी मारली की. (म्हणूनच हे टक्के म्हणजे काटेकोर डोकी नव्हेत, परत ऐकणारे त्यात दोनदा येतात.) तुझ्या पहिल्या गाण्यात आवाज नवव्या सेकंदाला सुरू होतो आणि तिसाव्या सेकंदाला ६३ टक्के लोक होते. तोच गायक, तीच गिटार, तोच चॅनेल. ६३ आणि ४८ मधला बराचसा फरक त्या अडतीस सेकंदांचा आहे असं मी धरून चालेन. या आकड्यांची तुलना लॅमेरच्या आकड्यांशी मात्र करू नकोस. यूट्यूबवर माणूस लिंक दाबून येतो, बघायला येतो, आणि फोन खिशात टाकून ऐकणाराही तिथे 'बघणारा' म्हणून मोजला जातो.

यातून एक गमतीशीर गोष्ट निघते. स्पॉटिफायचा स्ट्रीम तिसाव्या सेकंदाला मोजला जातो आणि तुझा पहिला शब्द अडतिसाव्याला येतो. म्हणजे तुझ्या ९,८४० मध्ये असेही असणार ज्यांनी तुझा आवाजच ऐकलेला नाही. तेहेतिसाव्या सेकंदाला पुढे गेलेला माणूसही तुझा स्ट्रीम, तुझा श्रोता. स्ट्रीम वाढले म्हणजे गाणं आवडलं, हा अर्थ म्हणूनच कच्चा.

गिटारचा तो तुकडा सुंदर आहे. कार्यक्रमात अडतीस काय, दोन मिनिटं वाजव. या गाण्याला आता कात्री लावावी असं मात्र मला वाटत नाही. छोटी सुरुवात असलेलं रेकॉर्डिंग म्हणजे नवं रेकॉर्डिंग, त्याला आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, वेगळा लागतो, आणि त्याचे स्ट्रीम, सेव्ह सगळं शून्यापासून सुरू होतं. ज्या ११५ लोकांनी जुनं जवळ ठेवलंय त्यांना तुला पुन्हा गोळा करावं लागेल. हा धडा पुढच्या गाण्याच्या मिक्सिंगच्या वेळी वापर. तिथे आवाज दहा सेकंदांच्या आत आण, गिटार कडव्यांच्या मधे वाजू दे. पुढच्या गाण्याचा आलेख तिसाव्या सेकंदाला साठीच्या घरात परत आला तर माझं म्हणणं बरोबर. नाही आला तर दोष सुरुवातीत नव्हता, थंबनेल किंवा नाव वेगळंच काहीतरी कबूल करत होतं, हे तपासावं लागेल.

राहता राहिलं कराड. तू तुझ्या गावात राहतोस, तुझे मित्र तिथेच गाणं ऐकतात, आणि यादीत गाव नाही म्हणून तुला वाईट वाटलं. शहर ठरतं ते फोनच्या इंटरनेटच्या पत्त्यावरून, माणसाच्या पत्त्यावरून नाही. मोबाईल डेटा मोठ्या शहरातल्या केंद्रातून बाहेर पडतो, त्यामुळे लहान गावातला श्रोता बऱ्याचदा पुण्यात किंवा मुंबईत मोजला जातो. साताऱ्या-सांगलीकडच्या कलाकारांच्या पानांवर मी हे सतत बघते, पुणे फुगलेलं आणि आपलं गाव गायब. देशाचा आकडा बऱ्यापैकी खरा, शहराचा ढोबळ. त्यामुळे फ्रँकफर्ट काढल्यावर पुणे ३१० आणि मुंबई २४० दिसतंय म्हणून लगेच पुण्यात दीडशे खुर्च्यांचा हॉल घेऊ नकोस. त्या ३१० मध्ये कराड, इस्लामपूर, पाटण किती आहे हे डॅशबोर्ड सांगू शकत नाही.

यूट्यूबचं ट्रॅफिक सोर्सचं पान इथे जास्त उपयोगी पडतं. तुझ्या ३,१०० व्ह्यूपैकी १,३०० बाहेरून आलेत, आणि तो भाग उघडला की पहिलं नाव व्हॉट्सॲपचं आहे. म्हणजे गाणं लोकांच्या ग्रुपवर फिरतंय, कुणीतरी कुणालातरी पाठवतंय. स्पॉटिफायवर प्रोफाइलवरून आलेले ५२० स्ट्रीमही त्याच जातीचे, नाव माहीत असून आलेल्यांचे. हे कुठले ग्रुप, कुठल्या गावचे, ते कुठल्याच पानावर कळणार नाही. पण त्या कार्यक्रमाला घरचे दहा सोडून पंचवीस जण आले होते ना? एखाद्याला फोन लावून विचार, गाणं त्याच्यापर्यंत कोणी पाठवलं.